चौदा गुणांचा हिशेब

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवतो. बास्केटबॉल हा माझा मूळ खेळ. पॅरिस पॅरालिम्पिकमधले व्हीलचेअर बास्केटबॉलचे काही सामने मी मोबाईलवर पाहिले आणि एका गोष्टीने बुचकळ्यात पडलो. प्रशिक्षक एका खेळाडूला बाहेर बोलावताना बऱ्याचदा दुसऱ्यालाही बोलावत होते. तो दुसरा चांगला खेळत असला तरीही! समालोचक ‘वन-पॉइंटर’, ‘फोर-पॉइंट-फाइव्ह’ असे शब्द वापरत होते. हे गुण कसले, ते कोण देतं, आणि त्यामुळे संघ निवडताना नेमकं काय अडतं? शिवाय ड्रिबलचा नियम वेगळा दिसला, तोही सांगा. शेवटचं म्हणजे, माझ्या शाळेतली चालती-फिरती मुलं हा खेळ खेळू शकतील का?

उत्तर : तुमच्या नजरेने बरोबर जागा पकडली. जोडीने होणारी ती बदली समजली की या खेळाचं निम्मं डावपेचाचं अंग समजतं.

आधी साम्य सांगतो, कारण ते ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. मैदान तेच, 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. रिंग तितकीच उंच, 3.05 मीटर. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, 24 सेकंदांत शॉट, मैदानावर पाच जण. बसून खेळणाऱ्यांसाठी रिंग एक इंचही खाली आणलेली नाही. फरक सुरू होतो तो हे पाच जण कोण असावेत, या प्रश्नापासून.

प्रत्येक खेळाडूला एक वर्ग दिलेला असतो : 1, दीड, 2, अडीच, 3, साडेतीन, 4 किंवा साडेचार. त्याच्या शरीराचा खेळातला आवाका जितका जास्त, तितके त्याचे गुण जास्त. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मैदानावरच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज कोणत्याही क्षणी 14 पेक्षा जास्त होता कामा नये. बाकावर कितीही गुणांची माणसं बसलेली असोत, मर्यादा फक्त मैदानावरच्या पाचांना आहे. तुम्ही पाहिलेली ती दुसरी बदली म्हणजे ही बेरीज पुन्हा 14 वर आणण्याची धडपड होती.

गुण म्हटल्यावर आपल्याकडे परीक्षेतले गुण आठवतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, यात कौशल्याला काडीचीही किंमत नाही. कोणाचा नेम किती चांगला, कोण किती वर्षं खेळतोय, हे वर्गीकरण करणारे बघतच नाहीत. ते बघतात धड. खुर्चीला न धरता माणूस आपलं धड कुठवर नेऊ शकतो आणि तिथून स्वतःच्या ताकदीवर परत सरळ होऊ शकतो का, एवढाच प्रश्न.

हे डोळ्यांपुढे आणायचं तर एकच चेंडू घ्या. तो खेळाडूपासून हातभर लांब येतोय. एक गुणाच्या खेळाडूला पोट आणि कमरेच्या स्नायूंची जवळजवळ काहीच मदत नसते. चेंडू समोरून आला तरी तो एका हाताने चाक धरून ठेवतो आणि दुसऱ्याने चेंडू गाठतो. धक्का बसून पुढे कलंडला तर हातांनी मांड्यांवर किंवा चाकांवर रेटा देऊनच वर येतो. दोन गुणांचा खेळाडू छातीपासून वरचं अंग वळवू शकतो, थोडा पुढे झुकून परत येऊ शकतो, पण कमरेचा आधार त्यालाही नाही. तीन गुणांचा खेळाडू थेट जमिनीवरचा चेंडू दोन्ही हातांनी उचलून, कशालाही न धरता सरळ बसतो. त्याला समोरून पाहिलं तर कोणतीच उणीव दिसणार नाही. तोच चेंडू बाजूने आला की मात्र त्याचा मोकळा हात आपसूक चाकावर जातो, कारण बाजूला झुकून तोल सावरणं त्याला जमत नाही. चार गुणांचा खेळाडू एका बाजूला पूर्ण झुकतो, दुसऱ्या बाजूला अडतो. बहुधा एका पायात ताकद कमी असल्यामुळे असं होतं. साडेचार गुणांचा खेळाडू डावीकडे, उजवीकडे, पुढे, सगळीकडे तितक्याच सहजपणे पोचतो. दोहोंच्या मधे बसणाऱ्याला अर्धा गुण वर किंवा खाली.

पुढचा सामना बघताना रीबाउंडच्या वेळी चेंडूकडे न बघता खेळाडूचा रिकामा हात बघा. तो हात हवेत आहे की चाकावर, यावरून तुम्हाला बऱ्याच जणांचा वर्ग घरबसल्या ओळखता येईल.

वर्गीकरण करणारेही शेवटी हेच करतात. आधी त्या व्यक्तीची शारीरिक अडचण या खेळाला पात्र आहे का, हे वैद्यकीय कागदांवरून तपासलं जातं. पण वर्ग ठरतो तो खेळताना पाहूनच. आपल्याच खुर्चीत, आपलेच पट्टे बांधून खेळाडू खुर्ची ढकलतो कशी, वळवतो कशी, पास देताना आणि धक्का बसल्यावर त्याचं धड काय करतं, हे मैदानाच्या कडेला बसून टिपलं जातं. पूर्वी तसं नव्हतं. कण्याला इजा कोणत्या मणक्यावर झाली हे डॉक्टर तपासायचे आणि त्यावरून वर्ग ठरायचा. टेबलावर झोपवून केलेल्या तपासणीत एकसारखी दिसणारी दोन माणसं खुर्चीत बसल्यावर अगदी वेगळी खेळतात, हा त्या पद्धतीतला दोष. जर्मनीतल्या होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी खेळातल्या हालचालींवर आधारलेली पद्धत मांडली आणि 1980 च्या दशकात ती स्वीकारली गेली. खेळताना पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. तपासणीच्या खोलीत आपली ताकद कमी दाखवणं एखाद्याला जमूही शकेल, पण शेवटच्या मिनिटाला सुटा चेंडू समोर घरंगळत असताना ते सोंग टिकत नाही.

वाद तरीही होतात, आणि ते टोकाचे असतात. अडीच गुणांच्या खेळाडूला फेरतपासणीत तीन ठरवलं, तर त्याच्या अंगात काही बदललेलं नसतं. पण त्याच्या संघाची ठरलेली पाच जणांची जुळणी साडेचौदावर जाते आणि मोडते. 2020 मध्ये तर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने पात्रतेचे निकष नीट पाळले जात नाहीत म्हणून या खेळाच्या महासंघाला धारेवर धरलं आणि चार व साडेचार वर्गांतल्या खेळाडूंची नव्याने छाननी करायला लावली. ब्रिटनच्या जॉर्ज बेट्ससारखे काही जण त्यात अपात्र ठरले. वर्षानुवर्षं ज्या खेळात घालवली, तो खेळ पॅरालिम्पिकपुरता एका पत्राने संपला. नियम कडक हवेत हे मला मान्य आहे, पण त्या खेळाडूंबद्दल वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

आता मूळ हिशेबाकडे. 14 ला 5 ने भागलं तर माणशी 2.8 येतात. म्हणजे कमी गुणांच्या खेळाडूंशिवाय संघच उभा राहत नाही. साडेचारचे तिघे घेतले की 13.5 झाले, आणि उरलेल्या अर्ध्या गुणात दोन माणसं बसत नाहीत. साडेचारचे दोघे घेतले तर 9 होतात आणि बाकी तिघांना मिळून 5 उरतात. चारचे तिघे घेता येतात, पण मग उरलेले दोघेही एक गुणाचेच हवेत. याच्या उलट टोकाला 3, 3, 3, अडीच, अडीच अशी सपाट जुळणीही 14 च होते. उंच माणूस नाही, पण सगळे चपळ आणि कोणीच कच्चा दुवा नाही, असा तो संघ. ही मर्यादा नसती तर प्रत्येक प्रशिक्षकाने साडेचारचे पाच जण उतरवले असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या पाठीच्या कण्याला मार लागलेल्या सैनिकांनी रुग्णालयांत हा खेळ सुरू केला, त्यांच्यासारख्यांना मग त्यात जागाच उरली नसती.

एक संघ घेऊन बघू. मैदानावर साडेचार, 4, 3, दीड आणि 1. बेरीज 14, काठोकाठ. बाकावर सात जण : साडेचार, साडेतीन, 3, अडीच, अडीच, 2 आणि 1.

मैदानावरच्या साडेचारवाल्याला पाचवा फाऊल लागला आणि तो बाहेर गेला. बाकावर साडेचारचा दुसरा आहे, तो आत येतो, हिशेब जसाच्या तसा. पण समजा तोही आधीच जायबंदी झालाय. मग साडेतीनचा आत येतो आणि बेरीज 13 होते. एक गुण वाया. चांगला प्रशिक्षक तो वाया घालवत नाही, तो त्याच वेळी एक गुणाच्या खेळाडूलाही बोलावतो आणि दोन गुणांचा पाठवतो. पुन्हा 14. तुम्ही पाहिलेली जोडबदली बहुतेक हीच. बाहेर आलेल्या त्या एक गुणाच्या खेळाडूने काहीही चूक केलेली नसते.

आता खरी गंमत उलटी आहे, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट तिच्यात आहे. समजा साडेचारवाला ठणठणीत आहे आणि पाच फाऊल होऊन बाहेर गेलाय तो एक गुणाचा खेळाडू. बाकावरचा दुसरा एक गुणाचा मनगट दुखावून बसलाय. आत यायला सगळ्यात कमी गुणांचा कोण? दोनचा. तो आला की बेरीज 15. ती चालत नाही. एक गुण कुठून तरी काढलाच पाहिजे. म्हणजे एकतर चारच्या जागी तीनचा, नाहीतर साडेचारच्या जागी साडेतीनचा. संघातला सगळ्यात कमी हालचाल करू शकणारा माणूस बाहेर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्यात उंच पोचणाऱ्यांपैकी एकाला उठावं लागलं. मोठा खेळाडू मैदानावर राहतो तो लहान खेळाडूच्या जोरावर. म्हणून जगातले जाणते प्रशिक्षक चांगला एक गुणाचा खेळाडू मिळाला की त्याला फुलासारखा जपतात. कॅनडाच्या पॅट्रिक अँडरसनला अनेक जण या खेळातला सर्वश्रेष्ठ मानतात. लहानपणी अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेला हा खेळाडू साडेचार गुणांचा. तो मैदानावर असला की त्याच्या चार जोडीदारांना मिळून साडेनऊच गुण उरत. तीन पॅरालिम्पिक सुवर्णपदकं त्याने जिंकली ती त्या साडेनऊंच्या साथीने.

तुम्ही विचाराल, एक गुणाचा हा माणूस फक्त हिशेबापुरताच का? मुळीच नाही. नियमानुसार खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग आहे. ज्याने आधी जागा घेतली, आणि समोरच्याला थांबायला किंवा वळायला वाव ठेवून घेतली, ती जागा त्याची. येऊन आदळणाऱ्यावर फाऊल. आणि खुर्ची तुमच्या-माझ्यासारखी आडवं पाऊल टाकून बाजूला होऊ शकत नाही. तिला मागे घेऊन, वळवून, पुन्हा वेग घ्यावा लागतो. याचा फायदा एक गुणाचा खेळाडू असा उठवतो : आपल्या संघाने शॉट मारला, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, सगळे पलीकडे धावले. हा मात्र समोरच्या साडेचारवाल्याच्या चाकाला आपलं पुढचं दांडकं अलगद लावून त्याच्या वाटेत उभा. तो डावीकडे वळला की हाही अर्धा हात डावीकडे. चार-पाच सेकंद पुरतात. पलीकडे चार विरुद्ध चार खेळ सुरू होतो, आणि त्यात प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात उंच हात नसतो. एक गुण खर्च करून साडेचार गुण अडवले! टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे गेलेला असतो, म्हणून हे घरबसल्या दिसत नाही. प्रत्यक्ष मैदानाच्या कडेला बसलात तर चेंडू पलीकडे गेल्यावर अलीकडेच बघत राहा.

हा हिशेब चुकला तर काय होतं, ते मी एका स्पर्धेत स्कोअरच्या टेबलावर मदतीला बसलो होतो तेव्हा जवळून पाहिलं. स्कोअरशीटवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे गुण लिहिलेले असतात आणि टेबलावरचा एक जण प्रत्येक बदलीला बेरीज करतो. तिसऱ्या डावात घाईघाईने एका प्रशिक्षकाने दोघांना आत पाठवलं आणि एकालाच बाहेर खुणावलं. दुसरा कोणी बाहेर यायचा ते त्यांच्या बोलण्यातच हुकलं, मग जो जवळ होता तोच आला. पाच जण बरोबर होते, पण दोनच्या जागी अडीच बसला होता. बेरीज साडेचौदा. खेळ सुरू झाला, शेजारच्याने पेन्सिलीने आकडे पुन्हा मिळवले आणि पंचांना खूण केली. शिटी वाजली. टेक्निकल फाऊल, तोही खेळाडूवर नाही, प्रशिक्षकावर. समोरच्या संघाला फ्री थ्रो, आणि जुळणी दुरुस्त करेपर्यंत खेळ बंद. तो प्रशिक्षक काही बोलला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक बदलीला त्याचा सहायक गुडघ्यावर वही ठेवून आधी बेरीज लिहायचा, मगच खेळाडू उठायचा. बरेच संघ आता हे आधीच करून ठेवतात. कोणाच्या जागी कोण आला तर 14 राहतात, याचे तयार तक्ते त्यांच्याकडे असतात.

वर्गाचा परिणाम खुर्चीवरही होतो. एक ते तीन गुणांच्या खेळाडूंना बसण्याची उंची 63 सेंटिमीटरपर्यंत चालते, साडेतीन आणि त्यापुढच्यांना 58 पर्यंतच. ज्याचं धड पूर्ण कामाचं आहे त्याला आणखी उंची मिळू नये, हा हेतू. पण मैदानावर बघाल तर एक गुणाचा खेळाडू त्या सवलतीचा बहुधा उपयोगच करत नाही. त्याची बैठक मागे खोल आणि गुडघे वर, जणू घमेल्यात बसावं तशी. उंच बसला तर तोल जातो; खोल बसला तर पाठीचा टेकू आणि मांड्या मिळून हरवलेल्या कमरेचं काम करतात. साडेचारवाला मात्र मिळते तेवढी सगळी उंची घेतो.

ड्रिबलचं थोडक्यात सांगतो. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना सलग दोनदाच हात लावून ढकलता येतं. तिसऱ्यांदा ढकलण्याआधी चेंडूचा टप्पा मारावा, पास द्यावा किंवा शॉट घ्यावा, नाहीतर ट्रॅव्हलिंग. दोन ढकलणी, एक टप्पा, चेंडू परत मांडीवर, पुन्हा दोन ढकलणी, असं कितीही वेळ चालतं, कारण डबल ड्रिबलचा नियम इथे नाहीच. आणखी एक नियम तुमच्या नजरेस पडला असेल : रीबाउंडसाठी खुर्चीतून ढुंगण उचललं किंवा पायाने जमिनीला रेटा दिला तर टेक्निकल फाऊल. साडेचारच्या खेळाडूंच्या पायात काही ताकद उरलेली असू शकते. ती इथे उपयोगात आणायची नाही.

राहिला तुमच्या शाळेचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय किंवा पॅरालिम्पिक स्पर्धेत किमान ठरावीक कायमची अडचण असल्याशिवाय खेळता येत नाही. पण काही देशांत, उदाहरणार्थ कॅनडात, देशांतर्गत स्पर्धांमध्ये चालत्या-फिरत्या माणसांनाही खुर्चीत बसून खेळू देतात. त्यांची गणना साडेचारमध्ये होते. युरोपातल्या काही क्लब स्पर्धांत तर मर्यादाच साडेचौदा आहे, म्हणजे चौदाचा आकडा देवाने लिहून दिलेला नाही. तुम्ही शाळेपुरते नियम करायला मोकळे आहात. खेळाच्या खुर्च्या मिळवणं ही खरी अडचण ठरेल. या खुर्चीची चाकं खाली बाहेर फाकलेली असतात, त्यामुळे ती उलटत नाही आणि जागच्या जागी गर्रकन वळते. दवाखान्यातली घडीची खुर्ची या कामाची नाही, धक्क्यात ती कलंडते.

मात्र चौदाचा नियम ठेवायचा असेल तर बेरीज आधी करा. तुमची पाच धडधाकट मुलं म्हणजे साडेबावीस गुण. त्यांतली दोनच एका वेळी मैदानावर येतील. उरलेल्या तिघांसाठी पाच गुण शिल्लक राहतात : 2, 2 आणि 1, किंवा अडीच, दीड आणि 1. ही तीन मुलं तुमच्या तालुक्यात नक्की आहेत. बहुतेक वेळा खेळाच्या तासाला ती वर्गातच बसून असतात.